बिलावर जुनं नाव, जुना जीएसटी नंबर: दुरुस्ती मागताना या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतल्या दोन-तीन युनिटची खरेदीची बिलं माझ्या टेबलावरून जातात. त्यातलं एक युनिट चटईचं. मालकाच्या एकट्याच्या नावावर बरीच वर्षं चाललेली फर्म गेल्या १ जूनपासून प्रायव्हेट लिमिटेड झाली. मशीन तीच, गेट तेच, माणसं तीच. त्यामुळे माल देणाऱ्यांना वाटलं की बोर्डावरचं नाव तेवढं बदललं. मग बिलांचा जो घोळ झाला, तो निस्तरताना आम्ही आणि समोरच्यांनी केलेल्या चुका इथे लिहितो. फर्मची कंपनी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं.

आधी मूळ गोष्ट. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं. तिथे P असेल तर व्यक्ती, F असेल तर भागीदारी फर्म, C असेल तर कंपनी. एकट्या मालकाची फर्म कंपनी झाली की पॅन नवा येतो आणि जीएसटी नंबरही नवा येतो. म्हणून बिलावर नाव "प्रायव्हेट लिमिटेड" आणि नंबरातलं सहावं अक्षर P असेल, तर ते बिल चुकलेलंच आहे. पोर्टल उघडायचीही गरज नाही. ही नजर गेटवर बिल घेणाऱ्या माणसालाही देता येते, आणि आता आम्ही ती दिली आहे.

पहिली चूक: फक्त नाव बदलून घेणं

धुळ्याच्या एका व्यापाऱ्याकडून आम्ही चटईसाठी प्लास्टिकचा दाणा घेतो. ५ जुलैचं बिल होतं: माल २,००,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्के म्हणजे सीजीएसटी १८,००० आणि एसजीएसटी १८,०००, एकूण २,३६,०००. नाव जुन्या फर्मचं, नंबरही जुना. मी फोन केला. "भाऊ, बिल कंपनीच्या नावाने पाहिजे." तासाभरात व्हॉट्सअॅपवर नवी पीडीएफ आली आणि मागोमाग त्यांचा फोन: "नाव बदली दिधं भाऊ, आते काय राह्यनं?"

नाव खरंच बदललं होतं. नंबर तसाच होता. मी वरचं नाव पाहिलं, रक्कम पाहिली आणि फाइलला लावलं. चूक माझीही होती, कारण फोनवर मी "नाव" एवढंच म्हणालो होतो.

खरं तर उलट असतं तर एवढं अडलं नसतं. जीएसटीत क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची आपल्या करातून मिळणारी वजावट, नंबरावर चालतं. विक्रेता जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरताना ज्याचा नंबर टाकतो, त्याच्या २बीत, म्हणजे पोर्टलने तयार केलेल्या क्रेडिटच्या यादीत, बिल उतरतं आणि नाव पोर्टल त्या नंबरावरूनच उचलतं. नियम ३६(२) मध्येही तशी सवलत आहे. बिलावर कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण किंमत, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा नंबर, आणि परराज्यातला व्यवहार असेल तर पुरवठ्याचं ठिकाण, एवढं असेल तर बाकी तपशिलात उणीव असली तरी क्रेडिट घेता येतं. त्या यादीत घेणाऱ्याचा नंबर आहे, नाव नाही. म्हणून नंबर बरोबर आणि नावात "इंडस्ट्रीज"च्या जागी "इंडस्ट्री" असं असेल, तर मी सबंध बिल फिरवायला लावत नाही. दुरुस्त प्रत मागतो, ती मूळ बिलाला टाचतो आणि पुढच्या बिलासाठी नाव नीट करून घेतो. नंबर चुकला असेल तर मात्र एवढ्यावर थांबत नाही.

नाव कोणतं टाकायचं यावरही वाद होतो. पोर्टलवर "सर्च टॅक्सपेअर"मध्ये नंबर टाकला की लीगल नाव आणि ट्रेड नाव अशी दोन नावं दिसतात. बोर्डावरचं नाव बरेचदा ट्रेड नाव असतं. आम्ही नोंदणीच्या दाखल्यावरचं लीगल नाव जसंच्या तसं देतो, हवं तर खाली ट्रेड नाव.

दुसरी चूक: तोंडी नंबर सांगणं

फोनवर पंधरा अक्षरं सांगताना O आणि 0 यांची गल्लत होणारच. पॅनचा साचा ठरलेला आहे: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. म्हणजे जीएसटी नंबरात तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत आणि बाराव्या जागी अक्षरच येतं, आठ ते अकरा या जागी आकडेच. एवढं माहीत असलं की शंका फिटते. तरी नंबर सांगू नये, नोंदणीचा दाखलाच पाठवावा. आणि विक्रेत्याला सांगावं की टॅलीतलं जुनं खातं खोडून त्यावर नवं नाव लिहू नका, कंपनीचं वेगळं खातं उघडा. जुन्या फर्मची मागची बिलं, येणी-देणी तिच्याच नावावर राहिली पाहिजेत. शिवाय जुनं खातं यादीत वर दिसतं आणि बिल करणारा पोरगा सवयीने तेच निवडतो, म्हणून त्या नावापुढे "बंद" लिहून घ्यावं. आमच्या बाबतीत दुसऱ्यांदा चूक झाली ती अशीच.

तिसरी चूक: तारीख न बघता "नवीन बिल द्या" म्हणणं

दुरुस्ती कशी करायची हे विक्रेत्याचं रिटर्न भरून झालं की नाही यावर ठरतं. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं, १४ तारखेला आपलं २बी तयार होतं आणि २० तारखेपर्यंत आपण ३बी, म्हणजे क्रेडिट वजा करून कर भरायचं रिटर्न, भरतो.

आमच्या ५ जुलैच्या बिलाला ११ ऑगस्टपर्यंत वेळ होता. तेव्हा लक्षात आलं असतं तर काम सोपं होतं: जुनं बिल रद्द म्हणून नोंदवायचं, त्याची प्रत ठेवायची आणि नव्या क्रमांकाने कंपनीच्या नंबरावर बिल करायचं. पण मला कळलं १६ ऑगस्टला, २बी जुळवताना. कंपनीच्या २बीत ते बिल नव्हतंच. जुन्या फर्मचं लॉगिन उघडलं तर ३६,००० तिथे बसलेले.

कोणीतरी सुचवलं, जुन्या नंबरावर आलंय तर तिथेच घ्या, मालक एकच आहे. हे करू नये. माल कंपनीने घेतला, कंपनीने वापरला, पैसे कंपनीच्या खात्यातून गेले. कायद्याच्या नजरेत फर्म आणि कंपनी दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.

व्यापारी म्हणाले, नवं बिल पाठवतो. तेही मी थांबवलं. जुनं बिल रिटर्नमध्ये तसंच ठेवून नवं काढलं तर त्यांची विक्री दोनदा दिसते, कर दोनदा बसतो आणि एका गाडीची दोन बिलं होतात. आज घाईत काढून देतात आणि वर्षाअखेर हिशेब जुळेना की एक गुपचूप रद्द करतात. तेव्हा आपलं घेतलेलं क्रेडिट अडचणीत येतं.

मग ते म्हणाले, १ए मध्ये करतो. जीएसटीआर-१ए मुळे त्याच महिन्याची दुरुस्ती ३बी भरण्याआधी करता येते, पण घेणाऱ्याचा जीएसटी नंबर त्यात बदलता येत नाही. तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच बदलावा लागतो, टेबल ९ए मध्ये, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख देऊन. आम्ही तेच करून घेतलं. जुन्या नंबरावर क्रेडिट नोट आणि नव्या नंबरावर नवं बिल हा रस्ताही बाजारात चालतो, पण त्यात दोन कागद वाढतात आणि ती क्रेडिट नोट जुन्या फर्मच्या खात्यावर उतरते. रक्कम, दर, माल सगळं बरोबर असेल आणि फक्त नंबर चुकला असेल, तर ९ए सरळ पडतं.

दुरुस्तीला मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोपर्यंत.

एक शब्द जपून वापरा. "रिवाइज्ड इन्व्हॉइस" मागू नका. कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे: विक्रेत्याची स्वतःची नोंदणी लागू झाल्यापासून दाखला हातात पडेपर्यंतच्या काळातली बिलं. "दुरुस्त बिल आणि ९ए मधली नोंद" असं मागा.

ई-इन्व्हॉइस असेल तर गाडी निघण्याआधी बघा

पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या विक्रेत्याचं बिल ई-इन्व्हॉइस असतं. त्याचा आयआरएन, म्हणजे पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक, चोवीस तासांच्या आतच रद्द होतो, त्यात दुरुस्ती होत नाही आणि रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. त्यात ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि माल निघून पोचल्यावर ते रद्द करणं योग्य नाही. धुळ्याहून गाडी संध्याकाळपर्यंत जळगावात येते. म्हणजे चोवीस तास कागदावर असले तरी हातात फारसे उरत नाहीत. म्हणून अशा विक्रेत्याकडून आम्ही गाडी भरायच्या आधी बिलाचा मसुदा मागवतो आणि सहावं अक्षर बघून "चालेल" म्हणतो. चोवीस तास उलटले तर पुन्हा पुढच्या जीएसटीआर-१ मधली दुरुस्तीच.

निरोप कसा लिहावा

"बिल चुकलंय, बदलून द्या" यावर काहीच होत नाही. १६ ऑगस्टला मी त्या व्यापाऱ्यांना हे पाठवलं, आणि सोबत दाखला:

"शेठ, नमस्कार. तुमचं बिल क्र. ११८, दि. ५ जुलै, रक्कम २,३६,०००. यावर आमच्या जुन्या फर्मचा जीएसटी नंबर आला आहे. माल कंपनीने घेतला आहे. कंपनीचा दाखला सोबत आहे, त्यावरचं नाव, पत्ता आणि नंबर जसाच्या तसा घ्यावा. तुमचं जुलैचं रिटर्न गेलेलं असल्याने नवीन बिल काढू नका. ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मध्ये टेबल ९ए ला नंबर बदलून घ्या, ११ सप्टेंबरच्या आत. दुरुस्त बिलाची सही-शिक्क्याची प्रत द्यावी. मालाचे २,००,००० आज पाठवतो. कराचे ३६,००० आमच्या २बीत आल्यावर लगेच."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. सगळं पेमेंट अडवलं तर नातं बिघडतं, सगळं देऊन टाकलं तर दुरुस्ती मागे पडते. कराएवढी रक्कम ठेवली की दोघांनाही आठवण राहते. पण हे बोलून ठरवावं, न सांगता कापू नये. व्यापाऱ्याने तो कर आपल्या खिशातून भरलेला असतो.

आम्हाला त्या महिन्याच्या ३बीत ३६,००० चं क्रेडिट मिळालं नाही, तेवढा कर रोखीने भरावा लागला. १४ सप्टेंबरला कंपनीच्या २बीत दुरुस्त बिलांच्या भागात ११८ नंबरचं बिल दिसलं. आधी जुन्या फर्मच्या खात्यावर त्याचं क्रेडिट घेतलेलं नाही ना, ते पुन्हा तपासलं. मग ३६,००० पाठवले आणि व्यापाऱ्यांना फोन करून सांगितलं.