केनकेन: भागाकाराचे दोन पिंजरे एकाच ओळीत आले की

अमळनेरच्या अभ्यासिकेत असताना दुपारी डबा खाऊन झाला की आम्ही चौघे केनकेन सोडवायला बसायचो. उन्हाळ्यात बाहेर पाय ठेवायची सोय नसायची, मग पाठकोऱ्या कागदांवर चौकटी आखायच्या आणि सुरू. हे कोडं तेत्सुया मियामोतो या जपानी गणित शिक्षकाने २००४ मध्ये तयार केलं. ६×६ च्या चौकटीत प्रत्येक आडव्या ओळीत आणि उभ्या रकान्यात १ ते ६ एकेकदाच येतात. जाड रेघेने घेरलेल्या घरांचा एक पिंजरा होतो. त्यातल्या आकड्यांवर दिलेली क्रिया केली की कोपऱ्यातली संख्या यायला हवी.

मी बराच काळ बेरजेचे पिंजरे आधी धरायचो आणि वजाबाकी-भागाकाराचे शेवटी. हा क्रम उलटा हवा. वजाबाकी-भागाकाराचे पिंजरे बहुधा दोनच घरांचे असतात आणि त्यांत बसणाऱ्या जोड्या मोजक्या असतात. ६×६ मध्ये ५− म्हटलं की फक्त १ आणि ६. ४− ला दोनच जोड्या: १-५ किंवा २-६. ३÷ लाही दोन: १-३ किंवा २-६. २÷ ला तीन: १-२, २-४, ३-६. मोठा आकडा डावीकडेच हवा असं काही नाही. नवीन माणूस ६ आधी आणि २ नंतर लिहून मोकळा होतो, तसं करू नका. जोडी ठरली म्हणजे जागा ठरली असं होत नाही.

आता एक ओळ बघू. वरच्या ओळीत पहिल्या दोन घरांवर ३÷, मधल्या दोनांवर २÷ आणि शेवटच्या दोनांवर १− आहे. १− ला पाच जोड्या, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवा. ३÷ मध्ये २-६ बसवून बघा. मग २÷ साठी काय उरलं? १-२ मध्ये २ आहे, २-४ मध्येही २ आहे, ३-६ मध्ये ६ आहे. तिन्ही गेल्या. म्हणजे ३÷ मध्ये १-३ च येणार. मग १-२ आणि ३-६ आपोआप बाद, २÷ मध्ये २-४ आणि उरलेल्या घरांत ५-६. त्यांचा फरक १, म्हणजे तिसरा पिंजराही जुळला. एकही घर न भरता अख्खी ओळ जोड्यांत वाटली गेली. हे मला पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी तीच ओळ तीनदा मांडून पाहिली होती.

जोड्यांतला क्रम उभे रकाने सांगतात. पहिल्या घराच्या खालच्या दोन घरांवर ५− चा उभा पिंजरा आहे. तिथे १ आणि ६ येणार, म्हणून वर १ येऊ शकत नाही. पहिल्या घरात ३, शेजारी १.

तिसरा रकाना मला सगळ्यात आवडतो. त्यात वरच्या घराखाली ४− आणि त्याखाली ३÷, दोन्ही उभे. ४− ला १-५ घेतली, तर ३÷ ला १-३ चालत नाही, २-६ घ्यावी लागते. ४− ला २-६ घेतली, तर ३÷ ला १-३. यातलं खरं कोणतं ते अजून ठरलेलं नाही, पण दोन्ही वाटांनी २ खालीच खर्च होतो. म्हणून वर ४, आणि त्याच्या शेजारी २. अशा ठिकाणी खालच्या पिंजऱ्यांचा निकाल लागायची वाट बघत बसायची गरज नसते.

सहाव्या रकान्यात खाली ५÷ चा उभा पिंजरा आहे. त्यात १-५ शिवाय दुसरी जोडी नाही, म्हणून वर ६ आणि पाचव्या घरात ५. ओळ झाली: ३, १, ४, २, ५, ६.

एक चूक आमच्यात सगळ्यांनी केली. ३÷ आडवा आणि २÷ त्याच्या खालच्या ओळीत, तरी हाच नियम लावला. दोन्ही पिंजरे पूर्णपणे एकाच ओळीत किंवा एकाच रकान्यात असतील तरच एक जोडी दुसरीला अडवते. वेगळ्या ओळींत २ दोन्हीकडे येऊ शकतो. ही चूक लगेच कळत नाही, दहा-बारा घरं भरल्यावर एखाद्या रकान्यात तोच आकडा दोनदा येतो. म्हणून आम्ही जोड्या घराच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने लिहायचो आणि पक्का आकडाच मधोमध. मग खोडताना कुठवर मागे जायचं ते दिसतं.

चौकट मोठी झाली की याद्या पुन्हा मांडा. ७×७ ला ३÷ आणि २÷ च्या जोड्या त्याच राहतात, त्यामुळे वरची युक्ती चालते. पण तिथे उरलेल्या तीन घरांत ५, ६, ७ येतात. ८×८ ला २÷ मध्ये ४-८ ही नवी जोडी येते, ती २-६ च्या शेजारी सहज बसते, आणि मग ३÷ चा निकाल दुसरीकडूनच शोधावा लागतो.