कन्सोल की गेमिंग पीसी : ‘कार्ड नंतर घेऊ’ ही चूक टाळा

मर्यादित पैशांत पहिल्यांदाच खरेदी करणारा माणूस बहुधा कन्सोलच्या किमतीशी पीसीच्या नुसत्या कॅबिनेटची किंमत ताडून पाहतो. कन्सोलसोबत कंट्रोलर मिळतो आणि घरातला टीव्ही चालतो. पीसीला मात्र मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस वेगळे लागतात. मग हिशेब जुळवण्यासाठी ग्राफिक्स कार्ड गाळले जाते आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवण्याचे ठरते.

माझ्या भाच्याने नेमके हेच केले. त्याने आठ जीबी रॅमची एकच पट्टी असलेला पीसी घेतला आणि साधे गेमसुद्धा अडखळू लागले. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरते. पट्टी एकच असेल तर माहिती ये-जा करण्याची वाट निम्मी राहते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये Performance आणि मग Memory उघडल्यावर Slots used पुढे ‘1 of 2’ दिसत असेल, तर हा दोष असण्याची दाट शक्यता असते. त्याच क्षमतेची आणि त्याच वेगाची दुसरी पट्टी बसवल्यावर त्याचा पीसी बराच सुधारला.

पुढे त्याने कार्ड आणले आणि दुसरी अडचण समोर आली. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट वीज मिळते. त्याहून अधिक लागली तर पॉवर सप्लायमधून वेगळी जोडणी द्यावी लागते, आणि त्याच्या स्वस्त सप्लायला ती नव्हतीच. शेवटी सप्लायही बदलावा लागला. सगळा खर्च कन्सोलच्या बराच पुढे गेला, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्याला मुख्यतः मित्रांसोबत टीव्हीवर फुटबॉल खेळायचा होता. त्याच्यासाठी कन्सोलच योग्य होता.

अर्थात कन्सोलचाही पुढचा खर्च असतो. विकत घेतलेले बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला सदस्यत्वाची वर्गणी भरावी लागते. फोर्टनाइटसारख्या मोफत गेमला ती लागत नाही. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये डिस्क ड्राइव्हच नाही, त्यामुळे वापरलेल्या डिस्क स्वस्तात घेण्याचा मार्ग बंद होतो, आणि 512 जीबीच्या मॉडेलमध्ये गेमसाठी सुमारे 364 जीबीच जागा उरते. मोठे गेम शंभर जीबीच्या आसपास जागा घेतात, तेव्हा तीन-चार गेमांतच ती भरते.

याउलट काउंटर-स्ट्राइक 2 किंवा डोटा 2 हेच खेळायचे असतील, तर कन्सोल घेऊन उपयोग नाही, कारण हे गेम त्यावर येतच नाहीत. अशा वेळी कार्डाशिवाय पीसी घेण्यास माझी हरकत नाही, मात्र रॅमच्या दोन पट्ट्या पहिल्याच दिवशी असाव्यात आणि पैसे देण्यापूर्वी पॉवर सप्लायचे मॉडेल, त्याचे वॉट आणि कार्डासाठीची जोडणी विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावी.