ब्राह्ममुहूर्त म्हणजे पहाटेचे चार नव्हेत: खर्जाच्या रियाजातल्या या चुका टाळा

गाणं शिकायला लागलं की पहिल्या काही महिन्यांतच सल्ला मिळतो, ब्राह्ममुहूर्तावर उठून खर्ज भर, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर लांबवून गा. शिष्य त्याच रात्री चारचा गजर लावतो. पहिले चार-पाच दिवस उत्साहाचे जातात, नंतर आवाज बसतो, दिवसभर जांभया येतात आणि तो वेळच आपल्याला मानवत नाही असं ठरतं. दोष बहुधा वेळेचा नसतो.

पहिली चूक हिशोबाची आहे. अहोरात्राचे तीस मुहूर्त, सरासरी ४८ मिनिटांचा एक. रात्रीच्या पंधरा मुहूर्तांपैकी चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. म्हणजे तो सूर्योदयाआधी दोन मुहूर्त सुरू होतो आणि एक मुहूर्त राहिला असताना संपतो. सूर्योदय बदलला की तोही सरकतो, आणि रात्र लहानमोठी झाली की त्याची लांबीही बदलते. पुण्यात जूनअखेर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि रात्र पावणेअकरा तासांची असते. तिचा पंधरावा भाग ४३ मिनिटं, म्हणून ब्राह्ममुहूर्त साधारण ४:३३ ते ५:१६. डिसेंबरअखेर सूर्योदय सातच्या पुढे जातो, रात्र तेरा तासांची होते, मुहूर्त ५२ मिनिटांचा. तेव्हा हीच वेळ सुमारे ५:२० ते ६:१२ अशी येते. हिवाळ्यात चारला उठणारा सव्वा तासाहून जास्त झोप उगाच सोडतो, तीही शास्त्राच्या नावाने. मुंबई आणि नागपूरच्या सूर्योदयात रेखांशामुळेच वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, तेव्हा पंचांग आपल्या गावाचं पाहावं. लंडनला राहणाऱ्याने तर हा हिशोब जूनमध्ये करूच नये, तिथे सूर्यच पावणेपाचला उगवतो.

मग या वेळेला पवित्र का म्हटलं? एक कारण वैदिक नित्यकर्मात आहे. रात्र आणि दिवस यांचा सांधा हा संध्येचा काळ, आणि सकाळची संध्या तारे दिसत असताना केली तर उत्तम, तारे मावळल्यावर मध्यम, सूर्य उगवल्यावर अधम, अशी प्रतवारी सांगितलेली आहे. घड्याळ नसलेल्या काळातली ही सोपी खूण आजही चालते: खिडकीतून तारे दिसतायत का ते पाहा. गाण्यातही या सांध्याला जागा आहे. रात्र सरताना ललत, उजाडताना भैरव. कोमल रिषभाचे संधिप्रकाश राग इथलेच. मनुस्मृती या वेळी धर्म आणि अर्थ यांचा विचार करायला सांगते, म्हणजे डोकं स्वच्छ असण्याची ही वेळ मानली आहे.

आयुर्वेदातलं वचन मात्र अर्धंच सांगितलं जातं. अष्टांगहृदयात ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितलं आहे ते ‘स्वस्थ’ माणसाला. अष्टांगसंग्रहात त्याच्यापुढे एक अट आहे: रात्रीचं अन्न पचलं की नाही हे पाहत उठावं. गायकासाठी ही अट सोन्यासारखी आहे. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि पहाटे स्वरतंतू सुजलेले असतात. उठल्यावर तोंड आंबट, सारखं खाकरावंसं वाटणं, आवाज फाटका, छातीशी जळजळ, यातलं काही असेल तर त्या दिवशी खर्ज भरू नये. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत. महिनाभर पाळूनही खाकरणं थांबलं नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं.

दुसरी मोठी चूक म्हणजे झोपेची वेळ तीच ठेवून फक्त उठण्याची वेळ अलीकडे ओढणं. स्वप्नांची झोप बहुतांश रात्रीच्या शेवटच्या भागात असते. साडेअकराला झोपून पाचला उठणारा नेमका तो भाग कापतो. काल शिकलेली तान पक्की बसण्यात झोपेचा हात असतो, त्यामुळे हा सौदा रियाजाच्याच मुळावर येतो.

समजा, पुण्यात नोकरी करणारी मुलगी रात्री साडेअकराला झोपते, सातला उठते आणि डिसेंबरात ५:२० ला उठू पाहते. शंभर मिनिटं सरकायचंय. दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं, झोपणं आणि उठणं दोन्ही अलीकडे, असं केलं तर महिना लागतो आणि झोपायची वेळ पावणेदहाच्या आसपास येते. उजाडल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर उजेडात चालावं आणि रात्री नऊनंतर घरातले दिवे मंद करावेत. शरीराचं घड्याळ उजेडावरच लागतं, गजरावर नाही. आता तिला कामामुळे अकराच्या आत झोपणं जमतच नसेल तर? मग सहाला उठून सव्वासहाला तानपुरा लावावा. झोप सात तासांची होते आणि डिसेंबरात तेव्हा तारेही दिसतात. जूनमध्ये सहाला सूर्य वर आलेला असेल, तर असू दे.

आता खर्जाकडे. झोपेत स्वरतंतूंमध्ये थोडं पाणी साठतं, ते जड होतात, म्हणून सकाळी आवाज खाली जातो. पहाटे मंद्र सप्तक सोपं वाटतं ते यामुळे, आणि तार सप्तक त्याच कारणाने तेव्हा गाऊ नये. उठल्याउठल्या गायला बसू नये. झोपेची गुंगी पंधरा ते तीस मिनिटं राहते. तेवढ्यात तोंड धुऊन कोमट पाणी प्यावं, तानपुरा खोळीतून काढून दहा मिनिटं खोलीच्या हवेत ठेवावा, मग लावावा. मध्य षड्जापासून एकेक स्वर खाली यावं. एका श्वासात एक स्वर, दहा-पंधरा सेकंद, बोलण्याच्या आवाजाहून मोठा नाही, आणि मध्ये एक श्वास विश्रांती. एकूण वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली.

इथे लोक मंद्र षड्ज गाठण्याच्या हट्टाला पेटतात. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या बहुतेक पुरुषांना तो स्वर शरीराने दिलेलाच नसतो. मंद्र पंचम किंवा मध्यम स्वच्छ लागला तरी काम झालं. ओळखायचं कसं? स्वर सलग न राहता घरघर, कडकड असा तुटक वाजू लागला की हद्द ओलांडली. एक स्वर वर यावं आणि तिथेच थांबावं. हनुवटी गळ्यात रुतवून खोली आणणं हाही त्यातलाच प्रकार, आरसा समोर ठेवला की दिसतो. दुसरी परीक्षा तासाभराने: रियाज नीट झाला असेल तर बोलण्याचा आवाज मोकळा असतो. घोगरा असेल तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी करावी.

पहाटे हवेत ऑक्सिजन जास्त असतो, हे सोडून द्या. प्रमाण चोवीस तास २१ टक्क्यांच्या आसपासच राहतं, आणि झाडं रात्री ऑक्सिजन तयार करत नाहीत. उलट हिवाळ्यात शहरात जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, धूर खालीच साचतो. गच्चीवर बसून खर्ज भरण्यापेक्षा अशा दिवसांत खिडकी लावून घेतलेली बरी.

तर फरक पडतो का? शांततेचा पडतो. वाहनं नाहीत, फोन नाही, पोट रिकामं. तानपुऱ्याचा गंधार तारेतून आपोआप ऐकू येतो, जो संध्याकाळी पंख्याच्या आवाजात हरवतो. आवाजाच्या जडपणाचाही खर्जाला फायदा होतो, पण तो झोपेतून उठण्याशी बांधलेला आहे, घड्याळाशी नाही. रात्री मैफल करून दोनला झोपणाऱ्याचा खर्ज साडेनऊला तितकाच चांगला लागतो, फक्त तेव्हा शेजारचा मिक्सर सुरू झालेला असतो.