काटा शून्यावर आहे, म्हणून बीपीचं मशीन बरोबर? या चुका टाळा

बीपीच्या मशीनची तपासणी करायला गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मशीन ठीक आहे हो, काटा बघा ना, शून्यावरच आहे." काटा खरंच शून्यावर असतो. पण या एका समजुतीने जितकी चुकीची डायल मशीनं वर्षानुवर्षं वापरात राहतात, तितकी दुसऱ्या कशाने राहत नसतील.

पाऱ्याच्या मशीनचा भरवसा आपण नकळत डायलवर चढवला, ही खरी अडचण आहे. पाऱ्याच्या खांबाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. दाब वाढला की पारा चढतो. किती चढायचं हे पाऱ्याची घनता आणि गुरुत्वाकर्षण ठरवतं, आणि त्या दोन्ही गोष्टी झिजत नाहीत. डायलच्या आत मात्र पातळ धातूची नालीदार डबी असते. हवेचा दाब आला की ती जराशी फुगते. ती हालचाल दांड्या आणि बारीक दातेरी चाकं मोठी करून काट्यापर्यंत पोचवतात. डबी हजारो वेळा फुगून-बसून थकते, दाते झिजतात आणि मशीन टेबलावरून पडलं की चाकांची जुळणी सरकते. काटा हळूहळू भरकटतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

चूक पहिली: फक्त शून्य बघणं

मागे एका क्लिनिकमधलं हाताने धरायचं डायल मशीन तपासलं. काच स्वच्छ होती, काटा शून्याच्या खुणेवर होता, फुगाही नवा होता. त्याच्या नळीत टी-आकाराची जोडणी घालून दुसऱ्या टोकाला प्रमाणित डिजिटल दाबमापक लावलं. पट्टा रुग्णाच्या हाताऐवजी एका घट्ट धातूच्या डब्याभोवती गुंडाळला. हात मऊ असतो आणि हलतो, त्यामुळे दाब स्थिर राहत नाही. आता दोन्ही मशीनांना एकच हवा जात होती, म्हणजे दोन्हीकडे एकच आकडा दिसायला हवा.

दाब चढवत नेला. प्रमाणित मापकावर ५० मिमी असताना डायल ४९ दाखवत होतं. १०० ला ९७, १५० ला १४५ आणि २०० ला १९३. मग दाब उतरवत आणला: १५० ला १४६, १०० ला ९८, ५० ला ५० आणि शेवटी शून्याला शून्य. उतरतानाचे आकडे जास्त महत्त्वाचे, कारण बीपी आपण हवा सोडतानाच मोजतो. चढताना आणि उतरताना एकाच दाबाला वेगळे आकडे येतात, तो फरक ४ मिमीच्या आत असावा लागतो. इथे तो १ मिमी होता, म्हणजे त्या बाजूने तक्रार नव्हती.

चूक किती चालते याची मर्यादा मानकात ३ मिमी किंवा वाचनाच्या २ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. म्हणजे १५० ला ३ चालतात, २०० ला ४. इथे १५० ला ४ ते ५ आणि २०० ला ७ मिमी कमी दाखवलं जात होतं. मशीन नापास.

रुग्णाच्या बाजूने बघू. ज्याचा वरचा दाब खरोखर १४२ आहे, त्याला हे मशीन साधारण १३८ दाखवणार. १४० ही रेघ धरून निर्णय घेणारा डॉक्टर त्याला "ठीक आहे" म्हणून घरी पाठवणार. खरा दाब १६० असलेल्याला १५५ दिसणार. आणि शून्यावरचा काटा याबद्दल चकार शब्द काढणार नाही, कारण चूक शून्यावर नाहीच. ती दाबाबरोबर वाढत जाते.

शून्याचा दुसरा सापळा जास्त बेरकी आहे. काही डायलमध्ये शून्याजवळ एक खीळ असते. काटा खाली सरकला तरी ती त्याला शून्यावरच अडवते. अशा डायलचा काटा मुळात ८ मिमी खाली गेलेला असला, तरी विश्रांतीत तो शहाण्यासारखा शून्यावर बसलेला दिसतो. पकडायची युक्ती सोपी आहे. प्रमाणित मापकावर १० मिमी येईल इतकाच दाब द्या. काटा खिळीवरून हललाच नाही किंवा २-३ वर रेंगाळला, तर आत गडबड आहे. ज्या डायलमध्ये काटा शून्याखालीही मोकळा जातो, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. बिघडलं की निदान सांगतं तरी.

चूक दुसरी: काटा फिरवून "दुरुस्त" करणं

हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. काच काढायची, काटा उचलायचा, थोडा पुढे बसवायचा, झालं! वरच्या डायललाच हा इलाज करून बघा. १५० ला ४ कमी होते म्हणून काटा ४ ने पुढे सरकवला. आता १५० ला बरोबर येईल. पण ५० ला ५४ दिसेल, १०० ला १०२, आणि शून्याला ४. एका ठिकाणची चूक काढून दुसरीकडे घातली, एवढंच झालं.

काटा सरकवणं चालतं ते सगळीकडे सारखीच चूक असेल तेव्हा: शून्याला ४ कमी, ५० ला ४ कमी, २०० लाही ४ कमी. चूक दाबाबरोबर वाढत असेल, तर दांड्या-चाकांचं गुणोत्तर बिघडलेलं असतं, आणि ते काम कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचं. स्वस्त डायल असेल तर बदलून टाकावं, माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच एका दाबावर नाही, निदान चार-पाच दाबांवर तपासायचं. आकड्यांची रांग पाहिली की चुकीचा प्रकार आपोआप कळतो.

जाता जाता एक सवय: वाचन घेण्याआधी डायलला बोटाने हलकी टिचकी मारा. काटा टुणकन २-३ मिमी उडाला, तर आत घर्षण आहे. टिचकीनंतरचा आकडा बरोबर आला तरी ते मशीन पास करू नये, कारण रुग्ण तपासताना कोणी टिचकी मारत बसत नाही.

चूक तिसरी: एका डायलची परीक्षा दुसऱ्या डायलने घेणं

शेजारच्या खोलीतलं मशीन आणून दोन्हीचे आकडे जुळतात का बघणं, ही तपासणी नव्हे. दोघंही एकाच दिशेने भरकटले असतील तर छान जुळतील. घरगुती डिजिटल मशीनशी जुळवणंही चालत नाही. ते दाबाची लहर मोजून आकडा हिशेबाने काढतं. आपल्याला स्थिर दाबाची तुलना हवी आहे, आणि त्या दोन कामांची गल्लत होते.

प्रमाणित मापकाची स्वतःची चूक जास्तीत जास्त ०.८ मिमी असावी. त्याच्या कॅलिब्रेशनचा दाखला मुदतीत असावा. वापरण्याआधी नळी उघडी ठेवून त्याला शून्य करावं, आणि बॅटरी उतरलेली नसावी.

आता पाऱ्याचं मशीन. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार २०२० नंतर पाऱ्याच्या बीपी मशीनचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करायची होती. काही देशांना सवलतीची मुदत मिळाली. आधीपासून क्लिनिकमध्ये असलेलं मशीन वापरायला करार मनाई करत नाही. म्हणून अनेक ठिकाणी एक जुनं पाऱ्याचं मशीन "डायल तपासायला" म्हणून कपाटात जपून ठेवलेलं दिसतं. कल्पना वाईट नाही, फक्त तेही तपासावं लागतं. पारा काळसर झाला असेल, काचेच्या नळीवर पुटं चढली असतील, किंवा दाब नसताना पाऱ्याची पातळी शून्याखाली असेल, तर ते प्रमाण राहिलेलं नाही. नळीच्या टोकाला हवा जाण्यायेण्याचा बारीक मार्ग असतो. तो धुळीने बुजला तर पारा उतरताना मागे रेंगाळतो आणि आकडा जास्त दिसतो. पाऱ्याचं मशीन तिरकं ठेवलं तरी आकडा वाढतो, कारण तिरक्या नळीत तेवढीच उंची गाठायला पाऱ्याला जास्त अंतर चालावं लागतं.

टाकून देताना केराच्या डब्यात नको आणि बेसिनमध्ये तर मुळीच नको. घातक कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यायचं. हलवण्याआधी मशीन तिरपं करून पारा टाकीत उतरवायचा आणि तोटी बंद करायची. सांडलाच, तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. त्याने थेंब फुटतात आणि वाफ खोलीभर पसरते.

चूक चौथी: गळतीचा दोष डायलला देणं

"या मशीनवर बीपी नेहमी कमीच येतो" अशी तक्रार आली, की मी डायलच्या आधी गळती बघतो. पट्टा डब्याभोवती गुंडाळून २०० पर्यंत हवा भरायची, झडप बंद करायची, आणि मिनिटभर हात न लावता थांबायचं. हे मिनिट घाईत कोणी पाळत नाही. दाबलेली हवा जराशी गरम झालेली असते. ती निवताना आकडा थोडा उतरतो आणि तीच गळती वाटते. त्यानंतर घड्याळ लावायचं. मिनिटाला ४ मिमीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे.

कुठे आहे ते शोधायला चिमटा पुरतो. फुग्याकडे जाणारी नळी फुग्याजवळ चिमटून धरा. उतरणं थांबलं तर दोष फुग्यात किंवा झडपेत. तरीही उतरत राहिलं तर पट्ट्यातली रबरी पिशवी, नळ्या किंवा डायलची जोडणी बघायची. झडपेत बहुतेकदा बारीक धूळ अडकलेली असते. साफ केली की काम होतं.

गळतीने आकडा का बिघडतो? हवा सेकंदाला २-३ मिमी या बेताने सोडायची असते. झडप नीट धरत नसेल तर ती ६ मिमीने पळते. नाडी मिनिटाला ६० असेल तर दोन ठोक्यांमध्ये ६ मिमी निघून जातात. स्टेथोस्कोपमध्ये नाडीचा पहिला आवाज ऐकू येईपर्यंत काटा खाली घसरलेला असतो, म्हणून वरचा आकडा कमी नोंदला जातो. शेवटचा आवाज त्याच कारणाने उशिरा नव्हे, उलट काटा वर असतानाच नोंदला जातो, आणि खालचा आकडा जास्त येतो. डायल अगदी बरोबर असलं तरी.

वहीत काय लिहायचं

हाताने धरायचं डायल साधारण दर सहा महिन्यांनी, भिंतीवरचं वर्षातून एकदा, आणि पडलं-आपटलं की त्याच दिवशी तपासावं. ही शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते, कारण मशीन पडल्याचं कोणी कबूल करत नाही.

नोंदवहीत "तपासले, ठीक" असं लिहू नका. पाच दाबांचे चढते-उतरते आकडे, मिनिटाची गळती, प्रमाणित मापकाचा क्रमांक आणि तारीख लिहा. वर सांगितलेल्या त्या डायलची जुनी वही मी चाळली होती. त्यात आधीच्या तीन तपासण्यांत फक्त "ओके" होतं, त्यामुळे काटा कधीपासून घसरत होता, हे कळायचा मार्गच उरला नव्हता.