त्रेसष्ट की चोवीस?

डोंबिवलीत मी दरवर्षी शाडूच्या गणेशमूर्तींचा स्टॉल लावते. मूर्ती पेणच्या कारखान्यातून येतात. बुकिंग आधी वहीत व्हायचं, मग व्हॉट्सॲपवर होऊ लागलं. 2024 मध्ये भाच्याने साधी वेबसाइट करून दिली: मूर्ती निवडा, 501 रुपये आगाऊ भरा, पावती घ्या. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. श्रावण लागला त्या दिवशी, म्हणजे 5 ऑगस्टला, आम्ही फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात सुरू केली. रोजचे 500 रुपये, 25 तारखेपर्यंत. एकूण खर्च 10,500.

26 तारखेला आम्ही दोन रिपोर्ट उघडून बसलो. प्रश्न एवढाच होता, की जाहिरात आणखी दहा दिवस चालवायची का. फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा, तिचा जाहिरातींचा हिशोब दाखवणारा ॲड्स मॅनेजर म्हणत होता, जाहिरातीतून 63 बुकिंग आली. वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं गूगल ॲनालिटिक्स म्हणत होतं, 24. तारखा त्याच, वेबसाइट तीच.

यातला फरक माझ्या खिशाला लागणारा होता. मूर्तीची खरेदी, टेम्पो, वाटेतली मोडतोड आणि जागेचं भाडं वजा जाता एका मूर्तीमागे मला सरासरी 400 रुपये सुटतात. 63 ने भागलं तर एका बुकिंगला 167 रुपये पडले, म्हणजे धंदा झकास. 24 ने भागलं तर 438 रुपये, म्हणजे प्रत्येक मूर्तीमागे 38 रुपये पदरचे.

पहिला संशय भाच्यावर. पैसे भरल्यावर जे आभाराचं पान येतं, त्यावर मेटाचा पिक्सेल, म्हणजे बुकिंग झाल्याचं मेटाला कळवणारा छोटा कोड बसवलेला आहे. कोणी ते पान पुन्हा उघडलं की बुकिंग दोनदा मोजलं जात असणार, असं मला वाटलं. आम्ही स्वतः एक बुकिंग करून पान तीनदा रिफ्रेश केलं. एकदाच मोजलं गेलं. भाचा दोन तास माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

मग आकडा सोडून आम्ही आकड्याच्या वरची पाटी वाचली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ॲड्स मॅनेजरमध्ये `Attribution setting` असा रकाना असतो. आमच्या समोर लिहिलं होतं `7-day click or 1-day view`. अर्थ असा: जाहिरातीवर टिचकी मारल्यापासून सात दिवसांत, किंवा नुसती जाहिरात डोळ्यांखालून गेल्यापासून एका दिवसात त्या माणसाने बुकिंग केलं, तर ते मेटा आपल्या खात्यात लिहितं. मधल्या काळात तो माणूस आणखी कुठून आला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

रकाने बदलण्याच्या जागीच `Compare attribution settings` हा पर्याय सापडतो. तिथे दोन्ही मुदती निवडल्यावर 63 ची फोड झाली: टिचकी मारून आलेले 41, नुसती जाहिरात दिसलेले 22.

हे 22 कोण? रिपोर्ट नावं देत नाही, पण मला अंदाज आला. 10 ऑगस्टला मी जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर बुकिंगची लिंक पाठवली होती. साठे काकूंसारखी माणसं (नाव बदललंय) आठ वर्षं माझ्याकडूनच मूर्ती नेतात. सकाळी त्यांच्या फोनवर माझी जाहिरात सरकून गेली, दुपारी त्यांनी व्हॉट्सॲपची लिंक उघडून बुकिंग केलं, तर मेटाच्या हिशोबात ते जाहिरातीचं यश. जाहिरात नसती तरी काकू आल्याच असत्या.

आता दुसरी बाजू. ॲनालिटिक्समध्ये `Traffic acquisition` हा रिपोर्ट `Session source / medium` लावून पाहिला, तर ज्या भेटीत बुकिंग झालं ती भेट कुठून आली, एवढंच तो सांगतो. माणूस थेट पत्ता टाकून आला असेल, तर त्याआधीचा माहीत असलेला मार्ग धरतो. नुसती जाहिरात पाहणं त्याला कळतच नाही. जाहिरातीच्या लिंकला आम्ही ही शेपटी जोडली होती, म्हणून निदान टिचकी तरी ओळखू आली:

```
?utm_source=facebook&utm_medium=paid_social
```

त्याच्या मते ऑनलाइन आलेली 88 बुकिंग अशी होती: व्हॉट्सॲप 29, जाहिरात 24, गूगल शोध 21, कुठून ते न कळलेली 14.

तरीही 41 आणि 24 मध्ये 17 चं अंतर उरतंच. ते गूगल शोधाच्या 21 मध्ये आणि त्या अनोळखी 14 मध्ये शोधावं लागतं. गणपतीची मूर्ती कोणी एकट्याने ठरवत नाही. बुधवारी लोकलमध्ये बाई इन्स्टाग्रामवर टिचकी मारते, मूर्ती बघते, रविवारी घरात सगळे बसल्यावर नवरा तिचं इन्स्टाग्राम उघडं असलेल्या लॅपटॉपवर आमचं नाव गूगलवर शोधतो आणि पैसे भरतो. बाईच्याच फोनवर गूगलमधून शोधून बुकिंग झालं, तरी शेवटचा मार्ग गूगल, म्हणून ॲनालिटिक्स श्रेय गूगलला देतं. मेटाला बुधवारची टिचकी आठवते. दोघंही आपापल्या व्याख्येने खरंच बोलत असतात.

वेबसाइट आली तरी प्रत्येक बुकिंग मी वहीत उतरवतेच. तारखांचा घोळ तर त्या वहीमुळे सापडला. 15 ऑगस्टला वहीत सगळी मिळून 6 बुकिंग, आणि ॲड्स मॅनेजरमध्ये एकट्या जाहिरातीची 14! रविवारी, 18 ला, वहीत 19 आणि तिथे फक्त 4. मेटा बुकिंग लिहितं ते जाहिरात पाहिल्याच्या किंवा टिचकीच्या तारखेला, पैसे भरल्याच्या नाही. सुट्टीच्या दिवशी लोकांनी टिचकी मारली, रविवारी घेतलं. म्हणून रोजचा आकडा वहीशी ताडू नका, जुळणारच नाही. आणि शेवटच्या सात दिवसांच्या ओळी कच्च्या समजा, त्या मागाहून भरत जातात.

मग निर्णय कशावर घेतला? वहीवर. 88 पैकी 33 जुनी गिऱ्हाइकं होती, ती बाजूला काढली. उरलेल्या 55 नव्यांना मूर्तीच्या उंचीची खात्री करायला फोन करायचाच होता, त्यातच विचारलं, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" 36 जण म्हणाले, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरात बघितली. 10,500 भागिले 36 म्हणजे 292 रुपये. हाही आकडा पक्का नाही. लोकांना आठवतं तेवढंच ते सांगतात, आणि काहींनी जाहिरात नव्हे, माझी साधी पोस्ट पाहिली असेल. पण 400 च्या आत तो बऱ्यापैकी होता.

तरी जाहिरात वाढवली नाही. 9 इंची मूर्ती संपत आल्या होत्या आणि पेणहून नवा माल मिळायची वेळ निघून गेली होती. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

2 सप्टेंबरला भाच्याने सहज तोच रिपोर्ट, त्याच तारखांचा, पुन्हा उघडला. 63 चे 67 झाले होते.

"मावशी, जाहिरात तर बंद आहे. या चार मूर्ती कुठून आल्या?"

मी वही त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "26 तारखेनंतरची पानं बघ, आणि या चौघांनी टिचकी कधी मारली असेल ते तूच सांग."