बायोतली नक्षीदार अक्षरं कानाला कशी लागतात ते तपासा, मग साधी करा

घरगुती केक विकणाऱ्या एखाद्या पानाचा बायो घेऊ: 𝐂𝐚𝐤𝐞 ऑर्डर | पुणे. ‘फॅन्सी फॉन्ट’ देणाऱ्या साइटवरून हा ठळक Cake आलेला असतो, पण तो फॉन्ट नसतोच. साइट प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरंच चिन्ह ठेवते. प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात साध्या C चा क्रमांक U+0043, तर या 𝐂 चा U+1D402. ही चिन्हं २००१ मध्ये युनिकोड ३.१ मध्ये आली ती गणितासाठी, कारण सूत्रात ठळक आणि साध्या अक्षराचा अर्थ वेगळा असू शकतो. देवनागरीसाठी असा संच नाही, म्हणून ‘पुणे’ जसंच्या तसं राहतं.

आधी ऐकून बघा. ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांना ती वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर फोनमध्ये असतं: अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक, आयफोनवर तिथेच व्हॉइसओव्हर. ते सुरू केलं की एका टॅपने फक्त निवड होते, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. बंद करतानाही तसंच, नाहीतर फोन अडकला असं वाटतं. आता बायोवर बोट ठेवा. काही स्क्रीन रीडर ‘मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल सी’ असं एकेक चिन्ह वाचतात, काही ते गाळून थेट ‘ऑर्डर, पुणे’ म्हणतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ऐकणाऱ्याला काही सुटलंय हेच कळत नाही. विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये २०२४.३ आवृत्तीपासून अशी चिन्हं साध्या अक्षरांसारखी वाचण्याची सोय आहे, पण ती ऐकणाऱ्याच्या सेटिंगवर अवलंबून. त्या भरवशावर बायो लिहू नये.

सर्चचंही तेच. मोठी सर्च इंजिनं अशी चिन्हं बऱ्याचदा साध्या अक्षरांशी जुळवून घेतात. पण ज्या अ‍ॅपच्या शोधात ही जुळवणी नसते, तिथे Cake टाइप करणाऱ्याला 𝐂𝐚𝐤𝐞 सापडत नाही. नाव, धंदा, गाव, फोन नंबर यांत ही अक्षरं म्हणूनच नकोत.

जुना मजकूर मोठा असेल तर पायथॉनने सरळ करता येतो:

```python
import unicodedata
print(unicodedata.normalize("NFKC", "𝐂𝐚𝐤𝐞"))
```

उत्तर Cake येतं. मात्र ᴄᴀᴋᴇ अशी छोटी कॅपिटल दिली तर ती तशीच परत येतात. ती उच्चारलेखनाची स्वतंत्र अक्षरं आहेत आणि साध्या अक्षरांशी त्यांचं नातं युनिकोडमध्ये नोंदवलेलं नाही. काळ्या चौकोनातली 🅲🅰🅺🅴 सुद्धा तशीच. ती हातानेच पुन्हा टाइप करा. सजावट हवीच असेल तर ती फोटोवर करा, आणि त्या फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडर फोटोच्या जागी वाचतो त्या वर्णनात, तेच शब्द साध्या अक्षरांत लिहा.