टीव्ही बोलत नाही, अक्षरं दिसत नाहीत? या चुका टाळा

घरात अंधुक दिसणारं कुणी असलं की फायर टीव्ही स्टिकवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं VoiceView चालू करून दिलं जातं. बॅक आणि मेनू (तीन आडव्या रेघांचं) ही बटणं दोन सेकंद एकत्र दाबून धरली की आवाज सुरू होतो. तक्रार येते ती पुढे: "काल बोलत होता, आज गप्प आहे."

अशा वेळी आधी टीव्ही कुठल्या एचडीएमआयवर आहे ते बघा. VoiceView स्टिकमध्ये राहतं, टीव्हीत नाही. बातम्यांसाठी सेट टॉप बॉक्स लावला की स्टिकला पडद्यावरचं काहीच कळत नाही, आणि टीव्हीच्या स्वतःच्या मेनूबद्दलही तेच. बॉक्सला वेगळी सोय नसेल तर त्याची चॅनेलयादी कुणीही वाचून दाखवणार नाही. त्यामुळे शक्य तितकं पाहणं एकाच उपकरणावर आणलेलं बरं.

दुसरी गडबड मेनूच्या बटणाची. VoiceView चालू असताना ते दाबून धरलं की रिव्ह्यू मोड लागतो. त्यात बाणाची बटणं पडद्यावरचा मजकूर तुकड्यातुकड्याने वाचतात, नेहमीसारखी हलत नाहीत. रिमोट बिघडला म्हणून सेल बदलले जातात, आणि अर्थातच काही फरक पडत नाही. मेनू पुन्हा दाबून धरा, सुटेल.

आता भिंगाची गोष्ट. बॅक आणि फास्ट फॉरवर्ड दोन सेकंद दाबून धरलं की Screen Magnifier लागतो. मुलं हौसेनं झूम शेवटपर्यंत नेऊन देतात. काचबिंदूने नजरेचा घेर आकसलेल्या आजोबांना त्यामुळे उलट त्रास होतो. समजा, त्यांना सिनेमाचं नाव शोधायचंय. पडद्यावर दोनच मोठ्ठी अक्षरं येतात, बाकीचं नाव घेराबाहेर. मग मेनू आणि बाण दाबत पडदा सरकवत बसायचं, तोवर आधीची अक्षरं विसरलेली. इथे मेनू धरून रिवाइंड दाबत झूम कमी करा, अख्खं नाव एका नजरेत मावेपर्यंत. मग खुर्ची थोडी पुढे घ्या. मधलं दिसेनासं झालेल्या माणसाला मात्र मोठं झूम खरंच कामी येतं. तेव्हा आकडा आपण ठरवू नये, पाहणाऱ्याच्या हातात रिमोट द्यावा.

टीव्हीच्या रिमोटवरचं पिक्चर साइझचं 'झूम' हा भलताच प्रकार. तो चित्राच्या कडा कापतो आणि खालची सबटायटल्स बऱ्याचदा त्यातच जातात. सबटायटल्स लहान वाटत असतील तर चित्र मूळ आकारावर आणा आणि अक्षरांचा आकार सबटायटल्सच्याच सेटिंगमध्ये वाढवा.

आवाज संवादात बुडत असेल तर VoiceView च्या सेटिंगमध्ये Speech Volume वाढवा. वेग मात्र सुरुवातीला कमीच ठेवा. आणि एखाद्याच ॲपमध्ये तो नुसतं "बटण, बटण" म्हणत असेल, तर तिथे स्टिकचा दोष नाही. त्या ॲपने चौकटींना नावंच दिलेली नाहीत.